आडवी कड तेवढी धूसर

येवल्याहून आलेला हा फोटोग्राफर पैठण्यांचे कॅटलॉग शूट करतो. नाशिकच्या रविवार कारंज्याजवळच्या आमच्या लेन्स-दुरुस्तीच्या वर्कशॉपवर येऊन त्याने लॅपटॉप उघडला आणि पदरावरची नक्षी मोठी करून दाखवली. "दादा, हे बघा. उभी जर कशी लख्ख दिसते, आडवी मात्र मऊ. पलीकडच्या दुकानात म्हणाले, लेन्सचं अलाइनमेंट गेलंय, खोलावी लागेल." खर्चाचा आकडा ऐकून पोरगा खचलाच होता.

लेन्स खोलणं माझं रोजचंच काम आहे, पण मोजल्याशिवाय मी स्क्रूला हात लावत नाही. त्यासाठी भिंतीवर तिरक्या कडेचा चार्ट आहे: मॅट कागदावर छापलेले गडद राखाडी चौकोन, जरासे फिरवून बसवलेले, म्हणजे प्रत्येकाच्या कडा सेन्सरच्या ओळींशी साधारण पाच अंशांचा कोन करतात. काळाकुट्ट चौकोन आणि पांढराशुभ्र कागद मी मुद्दाम टाळतो. उजळ भागाचा प्रकाश गडद भागाच्या चौपट, एवढाच फरक ठेवला की दोन्ही टोकं सेन्सरच्या आवाक्यात राहतात आणि कड खोटी धारदार दिसत नाही.

कड तिरकी का, हे त्याला सांगावं लागलं. ती सरळ असती तर प्रत्येक ओळीत पिक्सेलच्या एकाच जागी पडली असती. तिरकी असली की प्रत्येक ओळीत थोडी थोडी सरकते. सगळ्या ओळी कडेच्या कोनानुसार एकमेकींवर बसवल्या की उजेडातून अंधारात जाणारा उतार पिक्सेलच्याही चौथ्या भागाइतक्या बारकाईने हाती येतो. पुढचं गणित सॉफ्टवेअर करतं आणि रेघा किती बारीक झाल्या की कॉन्ट्रास्ट निम्म्यावर येतो तो आकडा देतं; आकडा जेवढा मोठा, तेवढी कड तीक्ष्ण. त्यालाच MTF50 म्हणतात. मात्र फाइल रॉ हवी. जेपीईजीमध्ये कॅमेऱ्याने आधीच शार्पनिंग केलेलं असतं, त्यामुळे आकडा फुगतो. सॉफ्टवेअरने काढलेल्या कॉन्ट्रास्टच्या आलेखाची रेघ सुरुवातीलाच एकच्या वर चढली की समजायचं, मोजमाप बाद.

त्याचाच मिररलेस कॅमेरा, २४ मेगापिक्सेलचा, त्याचीच लेन्स. ट्रायपॉड, दोन सेकंदांचा टायमर, एफ/५.६ आणि शटर १/१०० वर, कारण तो तसाच शूट करतो. चित्राच्या मध्यावर उभ्या कडेचा आकडा दर पिक्सेलला ०.३० आवर्तनं, म्हणजे उजेड-अंधाराच्या रेघांच्या जोड्या, असा आला. आडव्या कडेचा ०.१९. पोराचे डोळे खोटं बोलत नव्हते.

मध्यावर उभ्या-आडव्यात एवढी तफावत दिसली की पहिला संशय लेन्सवरच जातो, आणि तो रास्तही आहे. एखादं भिंग तिरपं झालं की असं होऊ शकतं. पण तिथे एक खूण असते: फोकस थोडा पुढे-मागे केला की कधी उभी कड तीक्ष्ण होते, कधी आडवी, दोन्हींची शिखरं वेगवेगळ्या जागी येतात. मी फोकस बारीक टप्प्यांनी सरकवत गेलो. दोन्ही कडांचं शिखर एकाच जागी. आडवीचं ठेंगणं, एवढंच.

मग एफ/५.६ तसाच ठेवून, दिवे कमी-जास्त करत मी फक्त शटरचा वेळ बदलला. पाव सेकंदाला आडवी कड ०.२९. १/१००० लाही जवळपास तेवढीच. १/१०० ला पुन्हा ०.१९. लेन्सला शटरच्या वेळेशी काय देणंघेणं!

हा शटरचा धक्का होता. यांत्रिक शटरचा पडदा वरखाली धावतो. मिररलेसमध्ये तो आधी उघडाच असतो. फोटोसाठी बंद होऊन पुन्हा उघडतो आणि त्या आपटण्याने कॅमेरा उभ्या दिशेत थरथरतो. उभी हालचाल फक्त आडव्या कडेला फासते. वेळ लांब असला तर थरथर त्यातला अगदी थोडा भाग व्यापते, फार कमी असला तर तेवढ्यात कॅमेरा फारसा हलतच नाही. मधला पट्टा घातक. दोन्ही आकड्यांवरून अंदाज काढला तर सेन्सरवर हालचाल दहाएक मायक्रॉनची, म्हणजे अडीच पिक्सेलच्या आसपास निघते.

"आधी कधी असं झालं नव्हतं, दादा."

"लाइट कुठले वापरायचास?"

फ्लॅश. एलईडी पॅनेल नुकतेच घेतलेले. फ्लॅशचा लखलखाट इतका क्षणिक असतो की थरथर त्यात उमटतच नाही. दिवे बदलले आणि आधीपासून असलेला दोष उघडा पडला.

मेनूत जाऊन पहिला पडदा इलेक्ट्रॉनिक केला, म्हणजे फोटोची सुरुवात पडद्याऐवजी सेन्सरच करतो. आता सुरुवातीला काही आपटतच नाही. १/१०० ला उभी ०.३०, आडवी ०.२९. पूर्ण इलेक्ट्रॉनिक शटर लावू नको, एवढं मात्र बजावलं. काही एलईडी दिव्यांखाली त्याने फोटोवर पट्टे येतात. आणि बाहेर उन्हात छिद्र पूर्ण उघडून १/२००० च्या पुढे जायचं असेल तर पुन्हा यांत्रिकवर ये, नाहीतर पार्श्वभूमीच्या धूसर गोळ्यांची एक बाजू कापल्यासारखी दिसू शकते.

चित्राचे चारही कोपरेही मोजून दिले. उजवा खालचा थोडा कमी भरला, पण एफ/८ ला तो सावरतो आणि साड्यांचे फोटो पोरगा एफ/८ लाच काढू शकतो. त्यासाठी लेन्स खोलायची गरज नाही.