त्वचेचा रंग मोजणी: नोंद 4 (हात लोंबता ठेवला आणि आकडा बदलला)

मागच्या नोंदीत त्वचेचा रंग मोजायची डबी तयार झाली होती, पण आकडे एका जागी थांबत नव्हते. तीन रविवार त्यातच गेले. आता आकडे थांबलेत, आणि का थांबत नव्हते तेही कळलंय.

नव्यांसाठी यंत्राबद्दल थोडक्यात. AS7341 नावाचा छोटा सेन्सर आहे. तो दृश्य प्रकाशाचे आठ पट्टे वेगवेगळे मोजतो, 415 नॅनोमीटरच्या जांभळ्यापासून 680 च्या गडद लालपर्यंत. आतून काळं केलेल्या पीव्हीसीच्या टोपणात सेन्सर सरळ खाली बघतो आणि बारका बल्ब 45 अंशांतून कातडीवर प्रकाश टाकतो. असा तिरका प्रकाश टाकला की कातडीच्या वरवरची चमक सेन्सरला दिसत नाही. आत शिरून, विखरून बाहेर आलेला प्रकाशच दिसतो, आणि आपल्याला तोच हवा आहे. आधी पांढरा एलईडी लावला होता. 680 च्या पट्ट्यात त्याचा प्रकाश फार कमी, म्हणून जुन्या टॉर्चचा तारेचा बल्ब बसवला. तो दहा मिनिटं तापेपर्यंत रीडिंग घ्यायचं नाही, हे आता डबीवरच लिहून ठेवलंय.

पांढरा संदर्भ म्हणून प्लंबरची टेफ्लॉन टेप घेतली. एकावर एक थर देत जवळजवळ सेंटिमीटरभर जाडीची वडी केली. हिशेब साधाच आहे: D म्हणजे बल्ब बंद असतानाचं रीडिंग, W टेपचं, S कातडीचं.

```
R = (S - D) / (W - D)
M = 100 * log10(1 / R680)
```

माझ्या दंडाच्या आतल्या बाजूचं, 680 च्या पट्ट्यातलं एक रीडिंग: D 212, W 42,245, S 20,640. म्हणजे R आला 0.486. कातडीने लाल प्रकाशापैकी टेपच्या तुलनेत साधारण निम्मा परत पाठवला. त्यावरून M, म्हणजे मेलॅनिन निर्देशांक, 31.3. मेलॅनिन जितकं जास्त तितका लाल कमी परततो आणि M वर चढतो.

लालच का? जांभळ्या-निळ्या टोकाला मेलॅनिन जास्त शोषतं आणि लालकडे जाताना कमी-कमी होत जातं. मग निळ्यात फरक जास्त दिसायला हवा, असं मलाही वाटायचं. पण निळ्या-हिरव्यात रक्तातलं हिमोग्लोबिनही भरपूर शोषतं. प्राणवायू घेतलेल्या हिमोग्लोबिनचे 542 आणि 577 नॅनोमीटरला दोन ठळक खड्डे पडतात, आलेख इंग्रजी डब्ल्यूसारखा दिसतो. गडद लालमध्ये रक्त बऱ्यापैकी बाजूला होतं आणि मेलॅनिन जवळजवळ एकटं उरतं. माझा सेन्सर तो डब्ल्यू दाखवू शकत नाही. 555 आणि 590 चे पट्टे इतके रुंद आहेत की दोन्ही खड्डे त्यात सपाट होतात. चांगल्या स्पेक्ट्रोफोटोमीटरवर दर 10 नॅनोमीटरला एक बिंदू मिळतो, तिथे तो दिसतो.

हा डब्ल्यू आठवला की जुन्या रंगपट्ट्यांचं दुखणं कळतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फेलिक्स फॉन लुशान या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाने 36 अपारदर्शक काचेच्या चकत्यांची पट्टी काढली. चकती हातापाशी धरायची, जुळेल तो क्रमांक वहीत टिपायचा. पण काचेच्या रंगात रक्त नसतं. खिडकीतल्या उजेडात जुळलेली चकती दिव्याखाली जुळेलच असं नाही, कारण डोळ्याला सारखे वाटलेले दोन रंग आतून वेगळे घडलेले असतात. शिवाय बघणारा बदलला की क्रमांक बदलतो.

हे घरी करून पाहिलं. रंगाच्या दुकानातून तपकिरी छटांचं शेडकार्ड आणलं आणि पट्ट्यांवर 1 ते 12 आकडे घातले. सकाळी गच्चीत मी माझ्या दंडाला 7 दिला. संध्याकाळी ट्यूबलाइटखाली त्याच दंडाला 9. ताईला बोलावलं. ती म्हणाली, "6. आणि तू नेहमीच स्वतःला सावळा समजतोस." त्या दिवशी डबीने सकाळी 31.1 आणि संध्याकाळी 31.6 दाखवले.

कातडीवरून परतलेला प्रकाश मोजायचं तंत्र माणसांसाठी नेटाने बाहेर काढलं मानववंशशास्त्रज्ञ जोसेफ वायनर यांनी. 1951 मध्ये त्यांनी त्वचेचा रंग मोजायच्या स्पेक्ट्रोफोटोमीटरवर लेख लिहिला. (दोनच वर्षांनी, माणसाच्या पूर्वजाची म्हणून गाजलेली पिल्टडाउनची कवटी बनावट असल्याचं उघड करणाऱ्यांत हेच वायनर होते. डोळ्यांवर विश्वास न ठेवण्याची सवय असावी.) पुढे ईईएल नावाचं, सोबत नेता येणारं ब्रिटिश यंत्र शेतावर-गावांत फिरलं. त्यात नऊ फिल्टर होते आणि शेवटचा 685 नॅनोमीटरचा. माझा 680 त्याच्या शेजारीच पडतो, म्हणून या सेन्सरवर जीव जडला. अमेरिकेत फोटोव्होल्ट नावाचं वेगळं यंत्र चालायचं. त्याचे फिल्टर वेगळे, त्यामुळे दोन्हींचे आकडे एका तक्त्यात घालायचे तर रूपांतराची सूत्रं लागायची. तेव्हा माझे आकडेही ईईएलच्या आकड्यांशी शेजारधर्मापुरतेच जुळवायचे.

तरी मोह आवरला नाही. नीना जॅब्लॉन्स्की आणि जॉर्ज चॅप्लिन या संशोधकांनी 2000 मध्ये जगभरातले, 685 ला किती प्रकाश परततो याचे आकडे एकत्र केले, त्यात गोवा साधारण 46 टक्के आणि नागपूर 41 आहे. सूत्रात घातलं तर M अनुक्रमे 33.7 आणि 38.7. याचा अर्थ "नागपूरकर गोवेकरांपेक्षा सावळे" असा अजिबात काढू नका. ते त्या-त्या ठिकाणी मोजलेल्या गटाचे सरासरी आकडे आहेत, अख्ख्या शहराचे नव्हेत.

आता मूळ भानगड. पहिल्या रविवारी M कधी 31, कधी 33. सैल वायर, बल्ब, बॅटरी, सगळं तपासलं. मग लक्षात आलं की 33 येतो तेव्हा मी उभा असतो आणि 31 येतो तेव्हा टेबलाशी बसलेला.

खात्री करायला तीन स्थितींत मोजलं, दर वेळी दंडावर पेनाने केलेल्या त्याच ठिपक्याभोवती. हात टेबलावर, हृदयाच्या उंचीला, डबी नुसती टेकवलेली: 680 ला 0.486, 555 ला 0.262. मग डबी जोरात दाबली: 680 ला 0.494, पण 555 ला थेट 0.318. दाबल्याने रक्त बाजूला सरकलं आणि हिरवा प्रकाश परतू लागला. डबी उचलल्यावर पांढुरकं वर्तुळ दिसत होतं, ते भरून यायला दोन-तीन सेकंद लागले. इथवर अपेक्षित होतं, कारण लाल फारसा हलला नाही.

तिसरी स्थिती: तीन मिनिटं हात खाली लोंबता. 555 ला 0.240, म्हणजे रक्त वाढलं. पण 680 सुद्धा 0.468 वर उतरला आणि M झाला 33.0. तीन मिनिटांत मेलॅनिन काही वाढत नाही. झालं असं की लोंबत्या हातात शिरांमधलं रक्त साठलं. त्या रक्तातला प्राणवायू काढून घेतलेला असतो, आणि असं हिमोग्लोबिन लाल प्रकाश बराच जास्त शोषतं. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर याच फरकावर चालतं. म्हणजे "लालमध्ये रक्त बाजूला होतं" हे मी वर लिहिलंय ते ताज्या रक्तापुरतं खरं. त्यामुळे एका पट्ट्यावरून काढलेला M नीलेतल्या रक्ताला मेलॅनिन समजून बसतो.

ऑक्सिमीटरची गोष्ट उलट दिशेनेही लागू होते. गडद त्वचेवर ते ऑक्सिजन वाजवीपेक्षा जास्त दाखवतात अशा नोंदी आहेत, म्हणून अमेरिकेच्या एफडीएने जानेवारी 2025 च्या मसुद्यात चाचणीतल्या लोकांच्या त्वचेचा रंग यंत्राने मोजायला सांगितलंय. तिथे M नाही, आयटीए वापरतात. L* म्हणजे उजळपणा, b* म्हणजे पिवळेपणा, त्यांपासून काढलेला कोन. 55 अंशांच्या वर अगदी उजळ, उणे 30 च्या खाली गडद. माझ्या आठ पट्ट्यांतून L* आणि b* भरवशाचे निघत नाहीत, म्हणून त्या वाटेला गेलो नाही.

आणखी एक चूक पदरी पडली. झाकणाचं भोक 4 मिलिमीटरचं ठेवलं होतं, म्हणजे बारीक तीळसुद्धा मोजता येईल या हिशेबाने. 680 ला 0.44 येत होता. भोक 8 चं केलं तर 0.486, आणि 555 मात्र जवळजवळ तिथेच. लाल प्रकाश कातडीत खोल जातो, आडवा पसरतो आणि झाकणाखालच्या काळ्या भागात बाहेर पडून वाया जातो. हिरवा तितका पसरत नाही. म्हणजे लहान भोक माणसाला उगाच गडद दाखवतं, तेही फक्त लालमध्ये. तिळाचा नाद सोडला.

आता ठरलेली पद्धत: बसून, हात हृदयाच्या उंचीला, दोन मिनिटं थांबायचं. कातडी पुसायची पण घासायची नाही, घासलं की रक्त येतं. डबी स्वतःच्या वजनाने टेकवायची. उचलून-टेकवून दहा रीडिंग घ्यायची. माझ्या दहांत M 30.7 ते 32.0 एवढा पसरतो, तेव्हा एकट्या रीडिंगमधला एकाचा फरक मी फरक मानत नाही. मनगटाच्या वरची बाहेरची बाजू मात्र 40.9 आली, दंडापेक्षा साडेनऊ जास्त. रोज स्कूटरवर तेवढाच भाग उन्हात असतो. मूळ रंगासाठी सगळे दंडाची आतली बाजू का मोजतात ते त्या एका आकड्यात दिसलं.

पुढच्या रविवारी 630 चा पट्टाही हिशेबात घेऊन नीलेतलं रक्त वजा करता येतं का बघणार आहे. दोन समीकरणं, दोन अज्ञात, कागदावर तरी सुटतंय. लोंबत्या हाताचा M परत 31 च्या आसपास आला तर जमलं म्हणायचं. ताईने पेनाचा ठिपका स्वतःच्या दंडावर करू द्यायला नकार दिलाय, तिच्यासाठी टिकल्या आणल्यात.