फोटोतल्या अभंगाचा अर्थ लावताना

सातवीतल्या एका मुलीने पुस्तकातल्या पानाचा फोटो पाठवला, शब्दार्थ आणि भावार्थ हवा म्हणून. तुकोबांचा ‘वृक्षवल्ली आम्हां सोयरीं वनचरें’. पान शिवणीकडे वळलेलं, त्यामुळे काही ओळींचे मधले शब्द सावलीत गेलेले.

अशा वेळी मी अर्थाला हात लावण्याआधी अभंगाचे मूळ शब्द नीट लावून घेते. हा मोठा अभंग आहे, म्हणजे अक्षरं साधारण सहा-सहा-सहा-चार, आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक. एखाद्या चरणात अक्षर कमी-जास्त होतं, पण पडताळा घ्यायला हे माप पुरतं. ‘आकाश मंडप पृथिवी आसन’ उतरवताना मुलं सवयीने ‘पृथ्वी’ लिहितात आणि चरणात पाचच अक्षरं उरतात. चौथ्या कडव्यात ‘देहउप’च्या पुढचं दिसत नव्हतं. तिथे आणखी दोन अक्षरं हवीत, शेवट ‘वारा’शी जुळायला हवा, म्हणून ‘उपचारा’. मग छापील गाथेत पाहून खात्री केली.

फोटोत अनुस्वारही उडतात. ‘येणें सुखें रुचे एकांताचा वास’ यात ‘येणें’वरचा टिंब गेला की मुलं ते ‘येणे-जाणे’तलं येणे समजतात. ते ‘याने’ आहे: या सुखामुळे एकांतात राहणं आवडतं. ‘वास’ म्हणजे राहणं, गंध नव्हे. सगळ्यात फसवे शब्द असे ओळखीचेच असतात, म्हणून शब्दार्थात मी तेच आधी घेते:

सोयरीं – नातलग
आळविती – गोड स्वरात गातात
कंथा – गोधडी
उपचार – इथे देहाच्या गरजा, औषधपाणी नव्हे
अवसरु – वेळ
परवडी – नाना प्रकार (परवडण्याशी संबंध नाही)
वाद – इथे स्वतःशी केलेली चर्चा, भांडण नव्हे

यानंतर अन्वय, म्हणजे गद्यातला शब्दक्रम. तो टाळला की भावार्थ हवेत राहतो. चौथं कडवं असं लावलं: देहाच्या उपचारासाठी कंथा आणि कमंडलू (आहेत), वारा अवसर जाणवितो. कंसातला शब्द आपण घातलेला आहे, हे मुलीला दिसायला हवं. सरळ अर्थ: अंगावर घ्यायला गोधडी, पाण्याला कमंडलू, एवढ्यात देहाचं भागतं, किती वेळ झाली ते वाराच सांगतो.

भावार्थ मात्र मी पूर्ण लिहून देत नाही. तिला विचारलं, गोधडी-कमंडलूच्या लगेच पुढच्या कडव्यात जेवण कशाचं आहे? ‘हरिकथा भोजन परवडी विस्तार’. सामान एवढंसं, पण हरिकथेच्या पंगतीत प्रकारांची रेलचेल. हा विरोध तिने स्वतः पकडला, की भावार्थाची वाक्यं तिची तिलाच सुचतात. मी त्यात फक्त एक तपासते: ‘झाडे लावा, झाडे जगवा’ एवढ्यावरच ते संपलंय का? संपलं असेल, तर शेवटचं कडवं, ‘तुका म्हणे होय मनासी संवाद’, तिला पुन्हा वाचायला सांगते.