आमची वाटचाल : खोक्यावरचा नंबर

आबांच्या रापीची धार आणि चामड्याच्याच वादीनं शिवलेला तळ, एवढ्या भांडवलावर कोल्हापुरातलं आमचं दुकान उभं राहिलं. २०१४ मध्ये चुलतभावानं वेबसाइट केली आणि पायाचं माप घेऊन चप्पल घरपोच जाऊ लागली. मधली वर्षं चांगली गेली. मला सांगायचंय ते मार्च २०२३ चं.

सकाळी इचलकरंजीच्या बाईंचा फोन आला. निवृत्त शिक्षिका, पहिल्या वर्षापासूनचं गिऱ्हाईक. म्हणाल्या, "अहो, तुमच्या दुकानातनं म्हणून एकानं फोन केला. कापशी चप्पल, सात नंबर, डावा पाय रुंद, सगळं बरोबर सांगितलं. पैसे परत द्यायचेत, ओटीपी सांगा म्हणाला." बाईंनी तो सांगितला नव्हता.

नाव आणि मोबाइल कुठूनही मिळतो. पण बाईंचा डावा पाय रुंद आहे, हे लिहिलेलं जगात एकाच ठिकाणी होतं, आमच्या नोंदीत. माहिती आमच्याकडूनच गेली, याबद्दल मला शंका उरली नाही.

भावानं सर्व्हरचा लॉग, म्हणजे वेबसाइटवरून कुणी काय मागितलं याची नोंद, उघडला. त्यात ही ओळ होती :

```
"GET /backup.sql HTTP/1.1" 200 18462071
```

२०० म्हणजे मागितलेली फाइल दिली. शेवटचा आकडा बाइट्सचा, आणि तो आमच्या फाइलच्या आकाराइतकाच. म्हणजे अर्धवट नाही, अख्खी फाइल गेली. सर्व्हर बदलताना काढलेली गिऱ्हाइकांच्या नोंदींची प्रत आम्हीच वेबसाइटच्या उघड्या फोल्डरमध्ये विसरलो होतो. ती ४७ दिवस तिथं होती, आणि लॉग होता फक्त ३० दिवसांचा. आधीच्या १७ दिवसांत आणखी कुणी नेली का, हे सांगायला आमच्याकडे काहीच नव्हतं. लॉग १८० दिवस ठेवा, असं सर्ट-इन या सायबर सुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेचं २०२२ चं फर्मान आहे. ते आम्ही पाळलं नव्हतं. प्रकार लक्षात आल्यापासून ६ तासांत त्यांना कळवायचं असतं, तेवढं मात्र केलं.

फाइल हटवली, लॉगची प्रत वेगळी ठेवली, सगळ्यांचे जुने पासवर्ड बंद केले आणि मग निवेदन लिहायला बसलो. ओळखीच्या सल्लागारानं मसुदा दिला : "आपली सुरक्षितता आमच्यासाठी सर्वोच्च आहे. काही तांत्रिक कारणामुळे..." मी तो फाडला. बाई तो वाचून काय करणार होत्या?

आम्ही पाठवलं ते असं :

"तुमचं नाव, पत्ता, मोबाइल, पायाचं माप आणि जुन्या ऑर्डरी असलेली आमची फाइल अनोळखी माणसाच्या हाती गेली आहे. चूक आमची. ती ४७ दिवस उघडी होती. त्यातल्या ३० दिवसांचीच नोंद आमच्याकडे आहे, म्हणून तुमची माहिती गेलीच असं धरून चाला. कार्डाचे नंबर आम्ही ठेवत नाही, ते गेलेले नाहीत. पासवर्ड सांकेतिक रूपात होते, पण २०१९ पूर्वीच्या खात्यांचे सहज फोडता येतील असे आहेत. तोच पासवर्ड ईमेलला किंवा दुसरीकडे वापरत असाल तर तिथला आजच बदला. आमच्या नावानं कुणी माप, ऑर्डर बरोबर सांगितली तरी ओटीपी देऊ नका. पैसे गेले तर लगेच १९३० ला फोन करा. या निरोपात मुद्दाम लिंक दिलेली नाही. खात्री करायची तर चपलेच्या खोक्यावर छापलेल्या नंबरवर फोन करा."

'सांकेतिक रूपात' एवढंच लिहून थांबा, असं भाऊ म्हणत होता. पण जुने पासवर्ड एमडी५ या जुन्या, कच्च्या पद्धतीनं सांकेतिक केलेले होते, आणि साधा पासवर्ड असेल तर त्यातून तो काही क्षणांत निघतो. अर्धं सांगितलं असतं तर लोक निर्धास्त राहिले असते आणि ईमेलचा पासवर्ड कुणी बदलला नसता.

ईमेल त्याच संध्याकाळी गेली. एसएमएस अडकला. मजकुराचा नमुना डीएलटीवर, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांच्या एसएमएस नोंदणीच्या यंत्रणेवर, आधी मंजूर लागतो, आणि आमच्याकडे होते फक्त 'ऑर्डर निघाली'वाले. दुकानदारांनो, असा एक नमुना आजच मंजूर करून ठेवा. त्या दिवशी वेळ नसतो.

दुसऱ्या दिवशी आमच्याच गल्लीतल्या एका दुकानानं आमच्या निवेदनाचा फोटो गिऱ्हाइकांत फिरवला. खाली लिहिलं, "यांच्याकडे माहिती देऊ नका." चार मोठ्या ऑर्डरी रद्द झाल्या. ज्यांनी आबांकडून काम शिकून दुकान थाटलं, त्यांनी हे करावं, हे मला आजही सलतं. त्यांना उत्तर द्यायला मी गेलो नाही. आठ दिवस सकाळी नऊ ते रात्री नऊ खोक्यावरच्या नंबरवर मी आणि बायको बसून होतो. बहुतेकांचा प्रश्न एकच, "माझं नक्की काय गेलं?" प्रत्येकाची नोंद उघडून आम्ही ओळ न् ओळ वाचून दाखवली.

पहिला फोन बाईंचा होता. "आधी खोकं काढून नंबर ताडून बघितला, मग लावला," म्हणाल्या. "आता सांगा, ईमेलचा पासवर्ड बदलायचा कसा?"