दोन अँटेना जोडूनही सिग्नल घटत होता

एम.टेक.च्या प्रोजेक्टसाठी मी ८६६ मेगाहर्ट्झवर दोन अँटेनांचा रिसीव्हर उभा केला. ट्रान्समीटर कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाला, मध्ये भिंती आणि लोखंडी कपाटं. परावर्तित लहरी कुठे एकमेकींना बळ देतात, कुठे खाऊन टाकतात. त्यामुळे अँटेना वीतभर सरकवली तरी चांगला सिग्नल जवळजवळ नाहीसा व्हायचा. हेच फेडिंग. तरंगलांबी साधारण ३५ सेंटिमीटर, म्हणून दोन अँटेनांमध्ये तिच्या निम्मं अंतर ठेवलं. मग दोन्ही एकाच वेळी खोल फेडमध्ये जाण्याची शक्यता खूप कमी होते.

दोन्ही सिग्नल नुसते मिळवून भागत नाही, कारण फेज उलट असेल तर ते एकमेकांना मारतात. मॅक्सिमल रेशो कंबाइनिंगमध्ये आधी ठाऊक असलेल्या पायलट सिम्बॉल्सवरून प्रत्येक शाखेचा चॅनेल `h` काढतात, फेज सरळ करतात आणि बलवान शाखेला जास्त वजन देतात. बेरजेनंतरचा सिग्नल-नॉइज रेशो (एसएनआर) दोन्ही शाखांच्या एसएनआरच्या बेरजेइतका यायला हवा. माझी तपासणी तीच होती. प्रत्यक्षात एक शाखा पडली की बेरीज एकट्या चांगल्या अँटेनापेक्षाही वाईट येत होती!

गाईड सरांनी आलेख पाहून एवढंच विचारलं, "दोन्ही शाखांचा नॉइज सारखा आहे का?" तिथे उलगडा झाला. दोन्ही चॅनेलवर ऑटोमॅटिक गेन चालू होता. सिग्नल पडला की तो गेन वाढवतो, आणि सिग्नलबरोबर नॉइजही वर येतो. समजा, पहिल्या शाखेचा एसएनआर १० आणि दुसरीचा १ आहे. गेनने दोन्हींची एकूण पॉवर १ वर आणली, तर पहिलीत नॉइज १/११ उरतो, दुसरीत तब्बल १/२. फक्त `h` वरून वजनं दिली, तर हिशेबाने एसएनआर ६ च्या आसपास येतो. दुसरी अँटेना काढून टाकली असती तर १० मिळाला असता.

प्रत्येक शाखेच्या नॉइज पॉवरने भागणं हा या पद्धतीचा गाभा आहे:

```
y = conj(h1)*r1/N1 + conj(h2)*r2/N2
```

पायलटमधून `h` चा भाग वजा केला की जे उरतं, त्याच्या पॉवरवरून `N1`, `N2` मिळतात. हे घातल्यावर तोच हिशेब ११ देतो, आणि कॉरिडॉरमधली मोजमापंही दोन शाखांच्या बेरजेच्या जवळ आली.

फायदा किती, तर रेलेच्या फेडिंगमध्ये प्रत्येक शाखेचा सरासरी एसएनआर १० डीबी असताना बीपीएसकेचे सिद्धांताप्रमाणे एका अँटेनावर सुमारे २.३ टक्के बिट चुकतात, दोनवर ०.१६ टक्के. मात्र शेजारचा एखादा ट्रान्समीटर त्याच वारंवारतेवर बोलू लागला, तर त्याचा व्यत्यय दोन्ही अँटेनांवर एकत्रच येतो. वजनं मात्र दोन्हींचा नॉइज स्वतंत्र आहे असं धरून काढलेली असतात, त्यामुळे तिथे हा हिशेब लागू पडत नाही.