अर्धा कोबी, उरलेला भात आणि शिळ्या पोळ्या : दोन वेळचं जेवण

शनिवारी संध्याकाळी फ्रीज उघडला तर खालच्या कप्प्यात अर्धा कोबी होता, कापलेल्या बाजूला जरा काळपट पडलेला. वर डब्यात आदल्या रात्रीचा भात, साधारण दोन वाट्या. ओट्यावरच्या पोळ्यांच्या डब्यात पाच पोळ्या, दुमडल्या तर कडेला चिरतील इतक्या कोरड्या. भाजी आणायला जायचा कंटाळा आला होता आणि घरात आम्ही तिघं : मी, नवरा आणि चार दिवसांसाठी आलेल्या सासूबाई.

या तीन वस्तूंशी माझं आधी एकदा बिनसलं होतं. तेव्हा मी सगळं एकाच कढईत घातलं होतं. फोडणी, पोळीचे तुकडे, कोबी, मीठ, वरून भात. झालं काय, तर भाताचा गिचका, पोळीच्या तुकड्यांची वरून लगदा आणि आतून चिवट अशी अवस्था, आणि घरभर कोबीचा तो उग्र वास. त्या दिवशी मी दोष कोबीला दिला होता. खरा घोळ पाण्याचा होता, हे यावेळी कळलं.

शिळा भात आणि शिळी पोळी कडक होतात, त्याचं कारण नुसतं पाणी उडून जाणं नाही. शिजताना फुगलेला पिठूळ भाग थंड झाला की पुन्हा घट्ट बांधला जातो आणि फ्रीजच्या थंडाव्यात हे आणखी लवकर होतं. म्हणूनच घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवलेला भातसुद्धा सकाळी दाणा-दाणा कडक लागतो. त्यावर उपाय म्हणजे थोडा ओलावा आणि चांगली वाफ, दोन्ही एकदम. नुसतं पाणी शिंपडून परतलं तर बाहेरून चिकट आणि आतून कडक राहतं. कोबीत मात्र दहातले नऊ भाग पाणीच असतं, आणि मीठ लागलं की तो ते सोडायला लागतो. म्हणजे दोन वस्तू पाण्यासाठी आसुसलेल्या आणि तिसरी पाण्याने भरलेली. फक्त ते पाणी कधी आणि कुठे सोडायचं, हे आपण ठरवायचं.

आधी भात संपवायचा, हे ठरलेलं होतं. पोळी एक दिवस थांबू शकते, भात थांबू नये. भातात असे जिवाणू असू शकतात ज्यांची बीजं शिजवूनही मरत नाहीत; भात तासन्‌तास बाहेर राहिला तर ते वाढतात आणि त्यांनी तयार केलेलं विष नंतर कितीही गरम केलं तरी जात नाही. माझा भात रात्री जेवणं झाल्या झाल्या पसरट डब्यात घालून फ्रीजमध्ये गेला होता, म्हणून मी तो वापरला. रात्रभर ओट्यावर राहिला असता तर वास चांगला असूनही टाकला असता. पोळ्या उजेडात धरून दोन्ही बाजूंनी पाहिल्या. एका जरी पोळीवर हिरवा-पांढरा ठिपका असता तर तेवढा भाग तोडून बाकीची ठेवण्यात अर्थ नव्हता, अख्खी पोळीच टाकायची आणि तिला चिकटलेलीही. पण पोळ्या स्वच्छ होत्या, नुसत्या वाळलेल्या.

रात्रीसाठी थालीपीठं करायची ठरली. कोबीची काळी पडलेली कड पातळ चकती काढून टाकली आणि त्यातला निम्मा कोबी बारीक किसला, साधारण दोन वाट्या झाला. त्यावर पाऊण चमचा मीठ घालून हाताने चुरलं आणि बाजूला ठेवला. तोवर भात चाळणीत घालून उकळत्या पाण्यावर चार मिनिटं वाफवला. ही पायरी मी पूर्वी गाळायची, आणि मग थालीपिठात भाताचे कडक दाणे दाताखाली यायचे. वाफवल्यावर तोच भात बोटांनी सहज कुस्करला जातो. मऊ झालेला भात पिठाला धरून ठेवतो. कडक दाणा उलट पिठाला भेगा पाडतो.

पंधरा मिनिटांनी कोबी ओलाचिंब झाला होता. मी तो पिळायला घेतला, तशा सासूबाई म्हणाल्या, "अगं, ते पाणी कशाला टाकतेस? त्यातच मळ की." मी म्हटलं, "अहो आई, पातळ होईल." त्या म्हणाल्या, "पिठं किती घालायची ते तुझ्या हातात आहे. वरून पाणी नको घालूस म्हणजे झालं."

मग कोबी त्याच्या पाण्यासकट परातीत घेतला, कुस्करलेला गार भात त्यात मिसळला. एक वाटी ज्वारीचं पीठ, अर्धी वाटी बेसन, ओवा, तीळ, तिखट, हळद, मूठभर कोथिंबीर. पाण्याचा एक थेंब घातला नाही आणि गोळा नीट जमला. मळलेलं बरोबर आहे का हे पाहायला लिंबाएवढी गोळी तळव्यावर दाबायची. कडेला भेगा पडल्या तर कोरडं आहे, बोटांना चिकटून वर आलं तर ओलं. माझी गोळी सुरुवातीला अगदी योग्य होती.

"सुरुवातीला" म्हणायचं कारण, पहिल्या तीन थालीपिठांपर्यंत पीठ छान होतं आणि चौथ्यापर्यंत सैल पडलं. सासूबाई बाजूला कोथिंबीर निवडत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "एकदा मीठ लागलं की कोबी थांबत नाही." खरंच, आपण तव्याकडे पाहत असताना परातीत कोबी पाणी सोडतच राहतो. आता मी एकदम सगळं मळत नाही. कोबी-भाताचं मिश्रण तसंच ठेवते आणि दोन-दोन थालीपिठांपुरतं काढून त्यात पिठं मिसळते. त्या रात्री मात्र उरलेल्यात आणखी दोन चमचे ज्वारीचं पीठ घालून वेळ निभावली. ती शेवटची दोन थोडी जड झाली होती, हे मान्य करते.

थापताना ओल्या फडक्यावर पातळ थापायचं, पुरीच्या दुप्पट जाडीपर्यंत चालतं, त्याहून जाड नको. भाताचं थालीपीठ जाड झालं तर बाहेरून भाजतं आणि आत चिकट राहतं. मधे चार-पाच भोकं पाडून त्यात आणि कडेने तेल सोडायचं. मध्यम आचेवर झाकण ठेवून चार मिनिटं, मग झाकण काढून तसंच एखादं मिनिट. पहिलं थालीपीठ मी घाईने उलटलं आणि त्याचे तीन तुकडे झाले. उलटायची वेळ तव्याकडे पाहून कळते : भोकांतलं तेल तडतडायचं शांत होतं, कड स्वतःहून तव्यापासून सुटते आणि उलथनं खाली सहज सरकतं. सरकत नसेल तर थांबायचं. दुसरी बाजू बिनझाकणाची, म्हणजे कुरकुरीत होते. सहा थालीपीठं झाली, सोबत दही. तिघांचं पोट भरलं.

रविवारी सकाळी पोळ्यांची पाळी. इथे कोबीकडून अगदी वेगळं काम करून घ्यायचं होतं. रात्री किसलेला होता, आता मी तो लांब, थोडा जाडसर चिरला, पोहे खाताना मधेच कांदा दाताखाली येतो तसा यावा म्हणून. पोळ्या हाताने तोडल्या, नखाएवढ्या ते बोटाच्या पेराएवढ्या, मुद्दाम असमान. मिक्सरमधून काढल्या तर चुरा एकसारखा होतो, पण त्यात बारीक पीठही पडतं आणि तेच वाफेत चिकटून गोळे करतं. हाताने तोडल्यावर बारीक तुकडे मऊ होतात आणि मोठ्यांच्या कडा कुरकुरीत राहतात. हे काम नवऱ्याकडे दिलं होतं, त्याने पेपर वाचत वाचत केलं, त्यामुळे असमानपणाची काळजीच नव्हती.

कढईत तीन चमचे तेल, मूठभर शेंगदाणे आधी तळून बाजूला. मग मोहरी, जिरं, हिंग, कढीपत्ता, तीन हिरव्या मिरच्या, हळद, एक चिरलेला कांदा. कांदा पारदर्शक झाल्यावर कोबी आणि लगेच मीठ. पोळ्या आत्ता घालायच्या नाहीत. मागच्या खेपेची माझी मोठी चूक हीच होती की पोळ्या आधी फोडणीत गेल्या. कोरडी पोळी तेल शोषून घेते, सगळी फोडणी पहिल्या मूठभर तुकड्यांत जिरते, ते तेलकट आणि कडक होतात आणि बाकीचे पांढरे फटक राहतात. कोबीला आधी तेल-हळद लागू द्यायची.

मीठ घातल्यावर झाकण ठेवलं. दोन मिनिटांनी उघडलं तर कोबी थोडा नरमला होता आणि कढईच्या तळाशी चमचा-दोन चमचे पाणी दिसत होतं. पोळीचे तुकडे घालायचे ते याच क्षणी. आधी घातले तर भिजायला काही नाही, आणि आणखी पाच मिनिटं थांबलं तर कोबी जास्त शिजतो. कोबीचा तो वास गंधकाचा असतो आणि जितकं जास्त शिजवाल तितका वाढतो, म्हणून तो अर्धवट कच्चा असतानाच पुढचं उरकायचं. तुकडे घालून खालवर केलं, आच मंद करून पुन्हा झाकण, तीन मिनिटं. या वाफेत पोळी मऊ झाली, पाण्याचा हबका मारावा लागला नाही. पोळ्या फारच वाळलेल्या असतील तर झाकणाआधी दोन चमचे ताक शिंपडते. त्या दिवशी गरज पडली नाही.

शेवटी झाकण काढून आच मोठी केली आणि दोन मिनिटं फारसं न ढवळता राहू दिलं. तळाचे तुकडे जरा खरपूस झाले की खालवर करायचं, बस. चिमूटभर साखर, लिंबू, तळलेले शेंगदाणे, कोथिंबीर. मीठ मी कोबीपुरतंच घातलं होतं, कारण पोळीच्या कणकेत आधीच मीठ असतं. पहिला घास घेतल्यावर कळलं की वरून किंचित लागतंय, तेवढं घातलं.

सासूबाईंनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं आणि म्हणाल्या, "कालच्या थालीपिठात हाच कोबी होता होय गं?" मी हो म्हटलं. कोबीचा दांडा तेवढा राहिला होता. त्याचं वरचं चिवट साल काढून, मधला पांढरा भाग चकत्या करून मीठ लावला आणि ओट्यापाशी उभ्याउभ्याच आम्ही दोघींनी संपवला.