शेपटीवाला द्या : आमची वाटचाल

आमचा गाळा ठाण्यात, वागळे इस्टेटला. सुरुवातीची बरीच वर्षं आम्ही दुसऱ्यांच्या नावाने माल काढत होतो. पीठ दाबून आकार काढणारा एक्सट्रूडर आमचा, मसाला आमचा, पाकिटावरचं नाव मात्र त्यांचं. नाचणीच्या रिंगा, मुलं बोटांत घालून एकेक खातात त्या, स्वतःच्या नावाने काढायच्या असं ठरलं तेव्हा टीव्हीवर जाहिरात करण्याइतका पैसा नव्हता. होती ती फक्त पाकिटाची पुढची बाजू. तिच्यावर चित्रातलं एक पात्र हवं यावर घरात आणि गाळ्यावर सगळ्यांचं एकमत होतं. भांडणं झाली ती कोणतं पात्र यावरून.

5 रुपयांच्या पाकिटाचं गिऱ्हाईक बहुतेक वेळा वाचू न येणारं असतं. ते काउंटरपाशी टाचा उंचावून उभं राहतं आणि दुकानदाराला सांगतं, ‘काका, तो अमुकवाला द्या.’ समोर पाकिटांची माळ लटकत असेल तर बोट दाखवून काम भागतं. माळ आत असेल किंवा आईला घरून सांगायचं असेल, तर चित्र डोक्यातून काढून शब्दांत सांगावं लागतं. म्हणजे पात्र पाहिल्यावर ओळखू येणं पुरेसं नाही, ते समोर नसतानाही सांगता यायला हवं. गोंडस चेहरे इथेच मार खातात. गोंडस हत्ती मुलाला आवडतो, पण ‘हत्तीवाला द्या’ म्हटल्यावर दुकानदार ज्या पाकिटावर हत्ती असेल ते काढून देतो.

ऑस्ट्रेलियातल्या एरनबर्ग-बास या मार्केटिंग संशोधन संस्थेच्या जेनी रोमानियुक यांनी ब्रँडच्या खुणा तपासण्यासाठी दोन साधे प्रश्न ठेवले आहेत. खूण पाहून किती जणांना तुमचं नाव आठवतं? आणि त्यांपैकी किती जणांना फक्त तुमचंच आठवतं? दुसरा प्रश्न जास्त छळतो. वाघ, सिंह, माकड, टोपी घातलेला मुलगा या जागा मोठ्या कंपन्यांनी कधीच्या धरून ठेवल्यात. आपण तिथे पाय ठेवला की आपल्या पैशाने त्यांचीच आठवण पक्की होते.

आमच्यासाठी चित्र काढणाऱ्या बाहेरच्या मुलीने मुंगूस सुचवलं. येऊरच्या जंगलाच्या बाजूला राहणाऱ्यांना ते नवीन नाही, आणि खाऊच्या पाकिटावर मी तरी कधी पाहिलेलं नव्हतं. पण खरी कल्पना शेपटीची होती: लांब शेपटी वर वळवलेली आणि तिच्यात तीन रिंगा ओवलेल्या. ‘एशियन पेंट्स’चा गट्टू आठवा, आर. के. लक्ष्मण यांनी 1954 साली काढलेला. हातात ब्रश आणि रंगाचा डबा. पोरगं खट्याळ होतंच, पण त्या डब्यामुळे तो रंगवाल्याचा झाला. पुढे कंपनीने त्याला निवृत्त केलं, तरी आमच्या वयाची माणसं गट्टू म्हटलं की रंगच सांगतात. पात्राच्या अंगातच मालाची खूण असली की नाव विसरलं तरी माल हरवत नाही.

पहिल्या चित्रात मुंगसाला लाल जाकीट होतं, गळ्यात रुमाल होता आणि एक दात पुढे होता. ओळखीच्या एका बालवाडीत, बाईंची आणि पालकांची परवानगी घेऊन, आम्ही वीसेक मुलांना ते चित्र दाखवलं. काही विचारलं नाही. आठवड्याने परत गेलो आणि कोरे कागद देऊन म्हटलं, ‘तो रिंगवाला प्राणी काढा बघू.’ कागदांवर काय काय आलं ते बघण्यासारखं होतं. कुणाचं मुंगूस मांजर झालं होतं, कुणाचं चक्क पाल. पण शेपटी जवळपास प्रत्येकाने काढली होती, बहुतेक वेळा अंगापेक्षा मोठी, आणि तिच्यावर गोल गोल रिंगा. जाकीट कुणीही काढलं नव्हतं. रुमाल एकाने काढला होता, तोही बहुधा शिंप्याच्या पोराने!

जे कागदावर आलं ते ठेवायचं, बाकीचं सजावट समजून काढायचं, असा निकाल आम्ही लावला. जाकिटासोबत खास लाल रंग गेला, आणि त्यामुळे खर्चही वाचला. अशी पाकिटं ग्रॅव्ह्युअर छपाईने निघतात आणि तिथे प्रत्येक रंगाला वेगळा कोरलेला सिलिंडर लागतो. एक रंग कमी म्हणजे एक सिलिंडर कमी.

छपाईनेच डोळेही बदलायला लावले. पारदर्शक फिल्मवर आतल्या बाजूने उलटी छपाई होते, एकावर एक रंग बसत जातात. वेगात धावणाऱ्या फिल्मवर एखादा रंग केसभर सरकतोच. डोळ्याचा पांढरा भाग तपकिरी अंगात मोकळा सोडलेला आणि काळी बाहुली वेगळ्या सिलिंडरवरून येणारी. बाहुली जरा सरकली की मुंगूस तिरळं! नमुन्याच्या रोलवर एका टोकाला ते सरळ बघत होतं, दुसऱ्या टोकाला नाकाकडे. शेवटी पांढरं काढूनच टाकलं. आता तपकिरी अंगावर नुसता काळा टिपका आहे, थोडा सरकला तरी कळत नाही.

पाऊचमध्ये हवा भरली की कडा मागे वळतात, त्यामुळे बाजूला पसरलेली शेपटी निम्मी दिसेनाशी होत होती. म्हणून ती डोक्याशेजारी वर उभी केली. मग पूर्ण आकृती काळ्या शाईने भरली, बोटाच्या पेराएवढी छापली आणि दुकानात उभं राहतो तेवढ्या अंतरावरून पाहिली. नुसत्या सावलीत शेपटी आणि रिंगा कळल्या, तेव्हा चित्र पक्कं केलं.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो, कारण पात्र वीस वर्षं चालवायचं असेल तर ते आपल्या मालकीचं हवं. बाहेरच्या चित्रकाराने काढलेल्या चित्राचा कॉपीराइट, लेखी करार नसेल तर, त्याच्याकडेच राहू शकतो. करार केला पण त्यात मुदत लिहिली नाही, तर कॉपीराइट कायद्याच्या कलम 19 प्रमाणे हस्तांतर फक्त 5 वर्षांचं धरलं जातं. आम्ही मुदत आणि प्रदेश दोन्ही लिहून घेतले, आणि त्या मुलीला त्याचे वेगळे पैसे दिले. ट्रेडमार्कचा अर्ज धान्याच्या खाऊचा जो वर्ग 30, त्यात, काळ्या-पांढऱ्या आकृतीचा केला. रंगाची मर्यादा घातली नाही की नोंदणी सगळ्या रंगांना लागू धरतात. ती 10 वर्षांची असते, मग नूतनीकरण.

भिंतीवर आता एक तक्ता आहे. शेपटी नेहमी आपल्या उजवीकडे, रिंगा तीनच, शेपटी कधी झाकायची नाही. दिवाळीला मागे कंदील येतो, पावसाळ्यात मागे पाऊस पडतो, मुंगूस तेच. आमचा सेल्सवाला दर क्रिकेटच्या मोसमात त्याला हेल्मेट घालायला सांगतो आणि मी दर वेळी नाही म्हणतो. अमूलची मुलगी 1966 पासून सतत वेगवेगळ्या भानगडीत पडते, कपडेही प्रसंगानुसार बदलते, पण निळे केस आणि चेहऱ्याची ठेवण हलत नाही. तेवढी ओळख कमावल्यावर आम्हीही वेष बदलू.

सध्याचा वाद टोमॅटोच्या चवीचा आहे. भिवंडीचा वितरक म्हणतो, नव्या चवीला नवं पात्र द्या, मुंगसाची बहीण द्या. मी फक्त पाकिटाचा मूळ रंग बदलला. बहीण आणली की माळेतली जागा दोघांत वाटली जाणार, आणि अजून निम्म्या दुकानांत पहिल्यालाच कुणी ओळखत नाही. तसा तो वितरकही फोनवर ऑर्डर देताना आमचं नाव घेत नाही. ‘शेपटी दहा पेट्या, टोमॅटो शेपटी चार’ असंच सांगतो.