उतारावरच्या शेतात मातीचे तापमान मोजताना

थंडी ओसरत आली की भेंडी आणि काकडीचे बी टाकण्याची घाई सुरू होते. परिचयातील एका शेतकऱ्याला अशा वेळी प्रश्न पडला होता की हवा तर उबदार झाली आहे, मग खालच्या वाफ्यात टोकलेला घेवडा अजून वर का येत नाही. त्याचे शेत हलक्या उताराचे आहे. वरची बाजू निचऱ्याची आणि दिवसभर उन्हात असते, तर खालच्या कोपऱ्यात ओल साचून राहते आणि बांधावरच्या झाडांची सावली सकाळी बराच वेळ पडते. हे सगळे शेत फिरून, बी ज्या खोलीवर पडते त्याच खोलीवर तापमान मोजावे, एवढ्या एकाच कामासाठी मी तिथे गेलो होतो.

अशा कामासाठी जाणाऱ्यांनी मुक्कामालाच जावे, कारण पहिली नोंद सूर्योदयाच्या सुमारास घ्यावी लागते. पाच सेंटीमीटर खोलीवरची माती साधारण तेव्हाच सर्वांत थंड असते आणि दुपारी ऊन माथ्यावरून कलल्यावर, म्हणजे दोन ते चारच्या दरम्यान, ती सर्वांत गरम होते. सकाळी दहा-अकराला येऊन एकच नोंद घेऊन जाणाऱ्याला यांपैकी काहीच कळत नाही.

निघण्याआदल्या रात्री तापमापक तपासून घेतला. पेल्यात बारीक फोडलेला बर्फ भरून, वर फटी बुजतील इतकेच पाणी घालून ढवळले आणि तापमापकाची दांडी काचेला न टेकवता त्यात धरली. काटा स्थिर झाल्यावर तो शून्यावर असायला हवा. तो एक अंशावर थांबला, तर पुढच्या प्रत्येक नोंदीतून एक अंश वजा करावा. बंदुकीच्या आकाराचा, दुरून रोखायचा तापमापक या कामाचा नाही, कारण तो फक्त पृष्ठभागाचे तापमान दाखवतो आणि उन्हातला कोरडा पृष्ठभाग बियाजवळच्या मातीपेक्षा कितीतरी अधिक तापलेला असतो.

पहाटे आम्ही वरच्या बाजूने सुरुवात केली. इथे एक बारकावा सांगणे अगत्याचे आहे. तबकडीच्या तापमापकाचा संवेदनशील भाग केवळ टोकाशी नसून दांडीच्या खालच्या काही सेंटीमीटरभर पसरलेला असतो. त्यामुळे दांडी सरळ उभी खुपसली, तर वरच्या थरापासून खालच्या थरापर्यंतची सरासरी मिळते आणि आपल्याला मात्र एकाच खोलीवरचा आकडा हवा असतो. म्हणून खुरप्याने एक लहान खड्डा घेऊन त्याची एक बाजू उभी कापली, पट्टीने वरून पाच सेंटीमीटर मोजून खूण केली आणि त्या खुणेवर दांडी आडवी आत सरकवली. खड्डा त्याच मातीने लगेच बुजवला, तबकडीवर सावली धरली आणि काटा हलायचा थांबेपर्यंत, म्हणजे तीन ते पाच मिनिटे, वाट पाहिली. टोकाशीच संवेदक असलेला डिजिटल तापमापक असेल तर ही खटपट लागत नाही; तो ठरलेल्या खोलीपर्यंत तिरका घातला तरी चालतो. पालक किंवा गाजर यांसारख्या उथळ पेरायच्या बियांसाठी मात्र हीच नोंद दोन सेंटीमीटरवर घ्यावी.

वरच्या वाफ्यात सकाळी १६ अंश सेल्सिअस भरले आणि खालच्या कोपऱ्यात ११. दुपारी त्याच जागी परत मोजल्यावर वर २६ आणि खाली १७ अंश मिळाले. सकाळ-दुपारची सरासरी काढली तर वर २१ आणि खाली १४ अंश, म्हणजे एकाच शेतात सात अंशांचा फरक. सावलीचा त्यात वाटा आहेच, पण मोठे कारण पाणी आहे. पाणी तापायला तेवढ्याच वजनाच्या कोरड्या मातीपेक्षा कितीतरी जास्त उष्णता लागते आणि ओल्या पृष्ठभागावरून होणारे बाष्पीभवनही मिळालेली उष्णता काढून नेते. म्हणूनच पाणी दिल्यावर लगेच घेतलेली नोंद फसवी असते. वाफसा आल्यावर मोजावे आणि एका दिवसाच्या आकड्यावर न विसंबता लागोपाठ तीन दिवस त्याच जागी नोंद घ्यावी.

आता या आकड्यांचे करायचे काय? कॅलिफोर्निया विद्यापीठातील जे. एफ. हॅरिंग्टन यांनी निरनिराळ्या स्थिर तापमानांत भाज्यांचे बी उगवायला किती दिवस घेते याची मोजणी केली होती आणि तिचे तक्ते आजही वापरात आहेत. त्यांनुसार काकडी २० अंशांना सुमारे ६ दिवसांत वर येते, पण १५ अंशांना १३ दिवस घेते. भेंडीला ३० अंशांना आठवडा पुरतो, तर २० अंशांना सतरा दिवस लागतात. वाटाणा मात्र १५ अंशांनाही नऊ-दहा दिवसांत उगवतो आणि कांदा सुमारे आठवड्याभरात. शेतातले तापमान दिवसभर चढते-उतरते, म्हणून हे दिवस अंदाजाचे समजावेत.

या हिशेबाने वरच्या बाजूस काकडी टाकायला हरकत नव्हती. भेंडी तिथे उगवली असती, पण अडीच आठवडे ओल्या मातीत पडून राहणारे बी बुरशीच्या तावडीत सापडते, म्हणून सकाळची नोंद २० अंशांच्या वर जाईपर्यंत थांबावे असे मी सुचवले. खालच्या कोपऱ्यात वाटाणा, पालक किंवा कांदा घेणे शहाणपणाचे होते.

घेवड्याचा उलगडाही तिथेच झाला. एक बी उकरून पाहिले तर साल सुटलेली होती, डाळिंब्या आडव्या तडकलेल्या होत्या आणि बोटांनी दाबताच बुळबुळीत गर बाहेर आला. घेवड्याचे कोरडे बी पहिल्या काही तासांत झपाट्याने पाणी ओढते आणि ते पाणी थंड असेल तर पेशींच्या पडद्यांना इजा होते. त्या पेशींतून झिरपणारी साखर मातीतल्या बुरशीला आयतीच मिळते. त्यामुळे नंतर ऊन पडून माती तापली तरी असे बी सावरत नाही. यावरून एक नियम मी पक्का मानतो: घेवड्यासारख्या बियांसाठी दुपारचा चढा आकडा पाहून निर्णय घेऊ नये. सकाळची नोंद १५ अंशांवर टिकली की मगच, आणि तेही सकाळी ऊन चढू लागल्यावर, बी टोकावे, म्हणजे ते पहिले तास उबेत जातात.

उन्हाळ्यात हाच विचार उलटा करावा लागतो. लेट्यूसचे बी ३० अंशांच्या पुढे बहुधा सुप्तावस्थेत जाते आणि ३५ अंशांना उगवतच नाही. तेव्हा संध्याकाळी पेरून लगेच पाणी द्यावे, म्हणजे बी फुगण्याचा काळ रात्रीच्या गारव्यात जातो.

पेरणीनंतर अंदाजाच्या दिवसांत कोंब दिसला नाही तर दोन-चार ठिकाणी बी उकरून पाहावे. ते कोरडे आणि टणक असेल तर ओल कमी पडली आहे, पाणी द्यावे. फुगलेले पण घट्ट असेल तर थंडीमुळे उशीर होत आहे, थांबावे आणि वर पाणी देऊ नये, कारण त्याने माती आणखी गार होते. मऊ पडून वास येत असेल तर वाट पाहण्यात अर्थ नाही. तापमान पुन्हा मोजून दुसरे बी टाकावे.